किती शेअर घ्यायचे: ठरावीक रकमेचे की स्टॉपच्या अंतरावरून?

भांडवल ५,००,००० आहे असे धरू. दोन शेअर नजरेत आहेत आणि दोघांचाही भाव ४०० आहे. पहिल्याचा स्टॉप लॉस चार्टनुसार ३८८ वर येतो, दुसरा शेअर जास्त उसळणारा असल्यामुळे त्याचा थेट ३६० वर. प्रत्येकाचे किती नग घ्यायचे?

सरळ पद्धत म्हणजे प्रत्येक सौद्यात सारखी रक्कम घालणे. समजा १,००,०००, म्हणजे दोन्हींचे २५०-२५० शेअर. दुसऱ्या पद्धतीत आधी तोटा ठरतो. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्का, म्हणजे ५,००० पेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत. मग ५,००० ला स्टॉपच्या अंतराने भागायचे. पहिल्या शेअरचे अंतर १२ आहे, म्हणून उत्तर ४१६.६७, आणि घ्यायचे ४१६. अपूर्णांक नेहमी खालीच सोडायचा. दुसऱ्याचे अंतर ४०, म्हणून १२५ शेअर.

| | पहिला (स्टॉप ३८८) | दुसरा (स्टॉप ३६०) |
|---|---|---|
| सारखी रक्कम: शेअर | २५० | २५० |
| स्टॉप लागल्यास तोटा | ३,००० | १०,००० |
| स्टॉपवरून: शेअर | ४१६ | १२५ |
| स्टॉप लागल्यास तोटा | ४,९९२ | ५,००० |
| गुंतणारी रक्कम | १,६६,४०० | ५०,००० |

सारख्या रकमेत खरी गोम दुसऱ्या रकान्यात आहे. गुंतवणूक तेवढीच, पण तोटा तिपटीहून जास्त. अशा वेळी वर्षाचा हिशेब तुमच्या निवडीपेक्षा उसळणाऱ्या शेअरांच्या हातात जातो. मात्र तुमचा स्टॉप दर वेळी ठरलेल्या टक्क्यावरच असेल, समजा खरेदीच्या ५ टक्के खाली, तर दोन्ही पद्धती एकच होतात. १ टक्का जोखीम भागिले ५ टक्के स्टॉप, म्हणजे दर वेळी भांडवलाचे २० टक्के. तिथे गणित करत बसण्यात अर्थ नाही. स्टॉपच न लावणाऱ्या दीर्घकालीन गुंतवणूकदारालाही ही पद्धत लागू होत नाही, कारण भागायला अंतरच नसते. त्याने सारखी रक्कमच धरावी.

आता दुसऱ्या पद्धतीची दुखरी बाजू. स्टॉप जवळ असला की नग फुगतात. पहिल्या शेअरमध्ये एक तृतीयांश भांडवल अडकले आहे. वाईट बातमी येऊन बाजार उघडताना भाव थेट ३६८ वर आला, तर ३८८ ला घेणारा कोणी मिळत नाही. ४१६ शेअरवर प्रत्येकी ३२, म्हणजे १३,३१२ गेले. ठरवला होता १ टक्का, गेले २.६६ टक्के. सारख्या रकमेत हाच तोटा ८,००० वर थांबला असता. या एका ठिकाणी साधी पद्धत सरस ठरते, म्हणून तिची मर्यादा उसनी घ्यावी: कोणत्याही एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मग दोन्ही उत्तरांपैकी लहान आकडा घ्यायचा. पहिल्यासाठी तो २५०, दुसऱ्यासाठी १२५ येतो.

स्प्रेडशीटमध्ये B1 ला भांडवल, B2 ला जोखीम (1%), B3 ला खरेदीभाव, B4 ला स्टॉप आणि B5 ला कमाल हिस्सा (20%) टाका:

```
=ROUNDDOWN(MIN(B1*B2/(B3-B4), B1*B5/B3), 0)
```

भांडवल म्हणजे रोख अधिक हातातल्या शेअरांची आजची किंमत, आणि ते प्रत्येक सौद्याआधी नव्याने भरायचे. ५,००० गेले की पुढची जोखीम ४,९५० होते. ओळीने दहा तोटे झाले तरी १ टक्क्याने खाते साधारण ९.६ टक्के उतरते. ५ टक्क्यांनी तेच ४० टक्के उतरते आणि मूळ जागी यायला सुमारे ६७ टक्के नफा लागतो.

चूक सर्वाधिक होते ती खरेदीच्या क्षणी. २० टक्क्यांची मर्यादा न लावता ४१६ नगांची ऑर्डर मार्केट भावाने टाकली आणि खरेदी ४०४ ला झाली, तर अंतर १२ चे १६ होते. तेवढ्याच नगांवर जोखीम ६,६५६. त्या भावाला ३१२ च शेअर बसत होते. म्हणून लिमिट ऑर्डर टाकावी, किंवा जास्तीचे नग लगेच कमी करावेत. दलाली आणि ठरल्यापेक्षा वाईट भावाला होणारा सौदा यांसाठी अंतरात थोडी भर घालणेही बरे. शेअरमागे १ धरला तर अंतर १३ होते आणि ४१६ चे ३८४.

आणि क्रम उलटा करू नये. जास्त नग बसावेत म्हणून स्टॉप ३९५ वर ओढला की मर्यादेशिवायचा भागाकार खुशाल १,००० शेअर सांगतो, पण ३९५ हा चार्टवरचा कुठलाच आधार नसतो आणि रोजच्या हेलकाव्यातच तो उडतो.

एकाच क्षेत्रातले पाच शेअर एकत्र घेतले, तर प्रत्येकी १ टक्का दिसला तरी ते बहुधा एकदमच पडतात. अशा गटाला एकूण २ टक्के द्यावेत आणि प्रत्येकाच्या B2 मध्ये 0.4% भरावे.