शोधा-बदला की कागद-पेन्सिल? फोनवर घाईत लिहिलेल्या लेखातले अनुस्वार तपासताना

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवरचा हजारेक शब्दांचा लेख कुणीतरी फोनवर घाईने लिहून पाठवला आहे आणि संध्याकाळपर्यंत तो सोलापुरातल्याच एखाद्या छापखान्यात द्यायचा आहे, असे धरून चालू. मजकूर चांगला आहे, पण अनुस्वार कुठे गळलेत तर कुठे नको तिथे बसलेत. तपासायचे मार्ग चार: फोनवरच पुन्हा वाचणे, कीबोर्डच्या लाल रेघेवर भिस्त ठेवणे, संगणकावर शोधा-बदला चालवणे, किंवा प्रिंट काढून दुसऱ्या माणसाला वाचायला बसवणे.

पहिले दोन लगेच बाजूला काढता येतात. फोनच्या पडद्यावर शिरोरेषेवरचा ठिपका इतका बारीक असतो की लिहिणाऱ्याचा डोळा तो नसला तरी पाहतो. लाल रेघ फक्त कोशात नसलेल्या शब्दाखाली येते. ‘विणकराचे’ हा शब्द शुद्धच आहे, त्यामुळे तिथे ‘विणकरांचे’ हवे होते हे तिला कळणार नाही. उलट ‘यंत्रमागधारकांनी’सारख्या बिनचूक शब्दाखालीही ती उमटू शकते, आणि अशी दहा ठिकाणी उमटली की माणूस तिच्याकडे बघेनासा होतो. खरी निवड शेवटच्या दोन मार्गांत आहे.

दोन्हींची परीक्षा एकाच परिच्छेदावर घेऊ. असा मजकूर आला आहे:

> यात्रेत हिरेहब्बूच्या वाड्यापासून सात नंदीध्वजाची मिरवणूक निघतांना रस्त्याच्या दोन्ही बाजूना गर्दी असते. बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यानी काठी पेलावी आणि भक्ताच्या तोंडून जयजयकार उठावा, असा तो सोहळा. अडुसष्ट लिंगाना तैलाभिषेक होतो. वाटेवरच्या बॅकेसमोर रांगोळी काढतात, त्या दिवसात दुकानांवर रोषणाई असते.

(‘नंदी’ दीर्घ की ऱ्हस्व, हा वाद इथे नको. सोलापूरकर लिहितात तसेच ठेवले आहे.)

यात अनुस्वाराच्या नऊ चुका आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांतले दोन नियम इथे पुरतात. अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना अनुस्वार द्यायचा, आदरार्थी बहुवचनातही द्यायचा. आणि उच्चारात नसलेले जुने अनुस्वार, म्हणजे ‘नांव’, ‘पांच’, ‘करतांना’ यांवरचे, द्यायचे नाहीत.

आता संगणक. लिबरऑफिसमध्ये मजकूर चिकटवा, शोधा-बदलाची खिडकी उघडा, रेग्युलर एक्स्प्रेशन्सच्या चौकटीत खूण करा आणि हे शोधा:

```
[\u093E\u0940\u0942](ना|नी)
```

काना, दीर्घ वेलांटी किंवा दीर्घ उकार आणि त्याला लागून ‘ना’ किंवा ‘नी’, एवढाच याचा अर्थ. हे का चालते ते समजून घेण्यासारखे आहे. आजच्या गद्यात एकवचनाला ‘ला’ आणि ‘ने’ लागतात, ‘ना’ आणि ‘नी’ अनेकवचनाला किंवा आदरार्थी. म्हणून ‘ना’-‘नी’च्या आधी अनुस्वार नसेल तर तो बहुधा गळलेलाच असतो. आपल्या परिच्छेदात या शोधाला ‘बाजूना’, ‘मानकऱ्यानी’ आणि ‘लिंगाना’ सापडतात. सोबत ‘जाताना’, ‘राजधानी’, ‘हानी’ असे निरपराध शब्दही येतील, ते सोडून पुढे जायचे. हजार शब्दांच्या लेखाला हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. सुरुवातीला मजकुरात मुद्दाम एक ‘लोकाना’ टाकून शोधाला तो सापडतो का पाहा. चौकटीतली खूण राहून गेली की शोध काहीच दाखवत नाही आणि लेख निर्दोष आहे असे वाटते.

यानंतर ठरावीक शब्दांची यादी: तांना, नांव, पांच, कांही, केंव्हा, जेंव्हा, तेंव्हा. फोनचा कीबोर्ड लिहिणाऱ्याच्या सवयी शिकतो, त्यामुळे एकदा ‘करतांना’ स्वीकारले की तो पुढे ते स्वतःहून सुचवत राहतो आणि चूक लेखभर एकसारखी पसरते. ‘निघतांना’ या यादीत सापडतो.

इथे मोह होतो तो ‘सगळे बदला’ दाबण्याचा. तो टाळाच. ‘तांना’च्या जागी सरसकट ‘ताना’ घातले तर ‘भक्तांना’चे ‘भक्ताना’ होते. ते निदान डोळ्यांत खुपते. ‘पांच’चे ‘पाच’ केले की ‘मंडपांच्या’चे ‘मंडपाच्या’ होते, आणि ‘नांव’चे ‘नाव’ केले की आपल्या परिच्छेदातल्या ‘दुकानांवर’चे ‘दुकानावर’. हे दोन्ही शब्द शुद्ध आहेत. शेकडो दुकानांचे एकच दुकान झाले आणि ते सांगणारी कुठलीही खूण मजकुरात उरली नाही. म्हणजे जी चूक संगणकाला कधीच सापडत नाही, तीच त्याने स्वतःच्या हाताने घातली. पूर्ण शब्दच शोधायचा, असा पर्याय असतो, पण मग ‘नांवाचा’ आणि ‘पांचशे’ निसटतात. एकेक ठिकाण पाहूनच बदला.

सरसकट बदल बेधडक चालतो तो चंद्रावरच्या बिंदूला. मराठीत ‘बँक’वर दिसते ती हिंदीतली अनुनासिकाची चंद्रबिंदू नव्हे. चंद्र हा ‘अ‍ॅ’चा आणि बिंदू हा अनुस्वाराचा. पण फोनवर तो दोन प्रकारे उमटतो: कुणाचा कीबोर्ड ँ हे एकच चिन्ह घालतो, तर कुणी आधी ॅ आणि मग ं असे दोन ठोके देतो. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, मात्र संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एक शोधला की दुसरा सापडत नाही. ‘काँग्रेस’, ‘काँक्रीट’ यांचेही तसेच: काना आणि ँ, किंवा ॉ आणि ं. मी एकसंध ँ ठेवते, कारण दोन चिन्हे एकावर एक आली की काही फॉन्टांत बिंदू चंद्राच्या बाहेर सरकतो. त्यासाठी दोन शोध:

```
\u0945\u0902
\u0949\u0902
```

पहिल्याच्या जागी ँ, दुसऱ्याच्या जागी ाँ. या जोड्यांना दुसरा अर्थच नसल्याने इथे ‘सगळे बदला’ने नुकसान होत नाही.

बिंदूच गळला असेल तर मात्र हा शोध आंधळा आहे. ‘बॅकेसमोर’मध्ये फक्त चंद्र आहे. त्यासाठी बॅक, हॅड, पॅट, कॉक्री असे तुकडे हाताने शोधावे लागतात: हँडलूम, पँट, काँक्रीट. तेही एकेक पाहून, कारण ‘पॅटर्न’ आणि ‘बॅकअप’ही त्यातच येतात. उलट बाजूने, लेखात ‘माँ’ किंवा ‘हूँ’ दिसले तर कीबोर्ड मध्येच हिंदीवर गेला होता असे समजा आणि आजूबाजूची दोन वाक्ये नीट वाचा.

संगणकाचा हिशेब झाला: नऊपैकी पाच. उरल्या चार: ‘हिरेहब्बूच्या’, ‘नंदीध्वजाची’, ‘भक्ताच्या’, ‘दिवसात’. चारही रूपे व्याकरणाने शुद्ध आणि या वाक्यांत चुकीची. प्रत्यय चा-ची-चे असो, ‘त’ असो, की ‘वर’, ‘साठी’, ‘पासून’ असो, एकवचनात आणि अनेकवचनात तो एकच राहतो आणि फरक फक्त बिंदूचा उरतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांच्या हातून तर हे फार होते: `tyanchya` मधला `n` सुटला की ‘त्याच्या’ मिळते आणि कीबोर्ड ते आनंदाने स्वीकारतो.

इथे कागदाला पर्याय नाही. प्रिंट मोठ्या टायपात काढा आणि दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवा. जुन्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि दुसरा प्रुफावर डोळा ठेवी. इथे मूळ प्रतच चुकीची असल्याने थोडा बदल करावा लागतो: लेखकाने वाचायचे नाही, तिसऱ्याने वाचायचे. लेखक मनातले वाचतो. परका माणूस ‘भक्ताच्या तोंडून’ असेच वाचतो आणि ऐकणाऱ्याला एकच भक्त दिसतो. ‘ांच्या’मधला ‘न’ उच्चारात स्पष्ट असल्याने ती चूक कानाला लागते. ‘घरावर’-‘घरांवर’ किंवा ‘दिवसात’-‘दिवसांत’ हा फरक मात्र बोलण्यात बहुतेकांकडून पुसला जातो, तिथे कान कामाचा नाही. म्हणून ‘त’, ‘वर’, ‘साठी’ने संपणारा प्रत्येक शब्द पेन्सिल टेकवून पाहायचा आणि विचारायचे: एक की अनेक?

याचे उत्तर कधी वाक्यातच असते. ‘सात’ म्हटले की ‘नंदीध्वजांची’ झालेच पाहिजे. कधी ते वाक्याबाहेर असते. हिरेहब्बू हे मानकरी घराणे, म्हणून ‘हिरेहब्बूंच्या’. ‘सिद्धेश्वराच्या’ की ‘सिद्धेश्वरांच्या’? देव म्हणून एकवचन चालते, बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर म्हणून आदरार्थी हवे. दोन्ही बरोबर, पण लेखात दोन्ही मिसळलेली नकोत. ‘तुम्हाला’-‘तुम्हांला’चेही तसेच ठरवून टाकावे. आपल्याकडे कित्येक घरांत कन्नड किंवा तेलुगू बोलतात, त्यामुळे वाचायला ‘शुद्ध’ मराठीवालाच शोधायला हवा असे काही जणांना वाटते. मला त्यापेक्षा यात्रा पाहिलेला माणूस जास्त उपयोगी वाटतो. काठ्या किती, मानकरी एक की अनेक, हे त्याला माहीत असते.

आता कोणाला काय सोयीचे. लेख दोनशे शब्दांचा असेल आणि अर्ध्या तासात लोकांपर्यंत जाणार असेल, तर फक्त ‘ना’-‘नी’चा शोध आणि ँ एकसारखा करणे पुरे, ढोबळ दिसणाऱ्या चुका त्यात जातात. लेख छापला जाणार असेल आणि एकाच गोष्टीला वेळ असेल, तर कागद निवडा. ‘लोकाना’ वाचकाला समजते आणि तो हसून पुढे जातो, पण ‘विणकराची मागणी’ आणि ‘विणकरांची मागणी’ यांत बातमीच बदलते. सहकारी संस्था, कर्ज आणि तंत्रज्ञान यांवरचा लेख असला तर चंद्रवाले शब्द जास्त असतात, तिथे पारडे थोडे संगणकाकडे झुकते.

दोन्हींना वेळ असेल तर आधी संगणक, मग कागद. ढोबळ चुका आधी निघाल्या की वाचणाऱ्याची पेन्सिल एकवचन-अनेकवचनासाठी मोकळी राहते. छापखाना युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेणार असेल तर कागदी वाचन त्या फिरवलेल्या प्रतीवरच करा, कारण फिरवताना चंद्रावरचे बिंदू हलू शकतात. आणि पेन्सिलीच्या दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये टाकताना फोन हातात घेऊ नका. फोनवरच टाकाव्या लागल्या तर ‘ना’-‘नी’ आणि ‘तांना’चे शोध पुन्हा एकदा चालवा.