आबाजी नेमके कसे बसले होते? उदास, खिन्न, हताश की आणखी काही

पुतणीनं कथेचा कच्चा खर्डा वाचायला दिला. यवतमाळकडचं गाव, पोळ्याची आदली संध्याकाळ. आबाजींनी उन्हाळ्यातच बैलजोडी विकली आहे. शेजारी खांदमळणी चाललीय, बैलांच्या खांद्याला तूप-हळद लागतेय, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं बैलांना सांगणं ऐकू येतंय. आणि वाक्य आहे, 'आबाजी रिकाम्या गोठ्यासमोर ____ बसले होते.' जागा तिनं कोरीच ठेवली होती, समासात सहा शब्द लिहून. काका, यातला कोणता?

'शोकाकुल' आम्ही लगेच खोडला. तो मृत्यूचा शब्द आहे आणि आता तर वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत तो इतका मुरलाय की कथेत आला तरी सोबत चौकटीतला फोटो आणतो. बैल दगावला असता तर विचार केला असता. विकला आहे.

'हताश' तिला फार आवडला होता. माझं म्हणणं असं, की या शब्दाच्या पोटातच आशा आहे, मारली गेलेली. म्हणजे ती आशा आधी जिवंत दाखवावी लागते. आबाजी तुरीच्या पैशातून जोडी परत आणणार होते, व्यापाऱ्याशी बोलणंही झालं होतं, आणि आज ते फिसकटलं, असं कथेत असेल तर 'हताश' शोभेल. नाहीतर तो वरून चिकटवलेला वाटतो. 'निराश' त्याच्यापेक्षा हलका. निराश माणूस उद्या पुन्हा विचारायला जातो, हताश जात नाही. शिवाय आपल्या भागातली एक अडचण आहे. विदर्भातला शेतकरी हताश बसलाय असं लिहिलं, की वाचक पुढच्या परिच्छेदात कीटकनाशकाचा डबा शोधायला लागतो. कथेचा शेवट तोच नसेल तर ही वाट दाखवू नये.

'खिन्न' आणि 'विषण्ण' यांत तिची गल्लत होत होती. खिन्नतेला बहुधा ताजं, नेमकं कारण असतं. कोणी टाकून बोललं, बाजारात भाव पाडून मिळाला, माणूस खिन्न होऊन घरी येतो. रात्री जेवताना ते उतरूही शकतं. विषण्ण त्याहून खोल. 'विषाद' याच धातूतून येतो, आणि त्या धातूत बसण्याचा, खचण्याचा अर्थ आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि अर्जुन त्यात धनुष्य टाकून रथात बसतोच. त्यामुळे 'विषण्ण बसले होते' हे अर्थानं चपखल आहे. पण शब्द संस्कृत वळणाचा. निवेदक शहरी, शिकलेला असेल तर चालेल. इथं निवेदन नातवाच्या तोंडून आहे, आणि बारा वर्षांचा पोरगा आजोबाला विषण्ण म्हणणार नाही.

'उदास' सगळ्यात सोपा, म्हणून सगळ्यात जास्त वापरून झिजलेला. त्याची एक सोय मात्र इतरांना नाही. तो माणसाकडून सहज वस्तूकडे सरकतो. गोठा उदास, संध्याकाळ उदास, दावणसुद्धा उदास. हताश दावण म्हणून बघा, हसू येईल. कवितेत म्हणूनच तो कामाला येतो, कारण तिथं माणूस न दाखवताही भाव ठेवता येतो. जुन्या मराठीत त्याचा अर्थ अलिप्त असाही आहे. तुकोबांच्या 'उदास विचारें वेच करी' मध्ये दुःख नाही, आसक्ती नसणं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या कथेत ही जुनी छटा मुद्दाम जागी करता येते.

उरली 'हुरहूर'. ती त्या कोऱ्या जागेत बसतच नाही. माणूस हुरहूर नसतो, त्याला हुरहूर लागते. ती बाहेरून येते, आणि तिच्यात थोडी गोडीही असते, दुरून येणाऱ्या घुंगरांच्या आवाजासारखी. फक्त तिला अंतर लागतं. जोडी विकून दोन-चार वर्षं झाली असती तर मी हीच घेतली असती. चार महिन्यांत जखम ओलीच असते.

मग मी तिला विचारलं, आबाजी स्वतः काय म्हणतील? ती पटकन म्हणाली, "गमून नाही राहिलं." तिच्या यादीत हे नव्हतंच. पुण्याकडे याला करमत नाही म्हणतात. यात कर्ता नाही, कारण सांगायची सक्ती नाही, आणि अर्थ उदास आणि हुरहूर यांच्या मधोमध पडतो. निवेदनात सारखं वापरलं तर वऱ्हाडीचं प्रदर्शन होईल. संवादात एकदाच पुरे.

तिनं विशेषणाची जागाच काढून टाकली. आता तिथं असं आहे:

आबाजी रिकाम्या गोठ्यासमोर बसले होते. आजीनं आतून विचारलं, "काहून बसले तिथं? चाय झाला न."

"घरात गमून नाही राहिलं," आबाजी म्हणाले, आणि दावणीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागले.