राउटर ‘अपडेट’ करून स्पीड वाढवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

“राउटरचं सॉफ्टवेअर जुनं झालंय की हो तुमचं. अपडेट मारलं की स्पीड डबल.” बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरी येऊन असं सांगणारे आणि हजार-पंधराशे घेऊन जाणारे लोक भेटतात. त्यातले बरेचसे अपडेट करतच नाहीत. राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबतात, पुन्हा सेटिंग भरतात आणि त्यालाच अपडेट म्हणतात.

शहापुरातल्या एका घरातला प्रकार घ्या. फायबरचा 100 एमबीपीएसचा प्लॅन, ऑपरेटरने दिलेला ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते तो डबा, आणि त्याला जोडलेला घरचा जुना N300 राउटर, म्हणजे फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा. आतल्या खोलीत फोनवर जेमतेम 28 एमबीपीएस मिळायचे. आलेल्या माणसाने ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर 2017 ची बिल्ड तारीख दाखवली, “बघा, किती जुनं आहे,” म्हणाला, पिन दाबली, ऑपरेटरचं युजरनेम-पासवर्ड भरलं आणि राउटरखाली उभं राहून स्पीड टेस्ट लावली. 52 आले. बाराशे रुपये घेऊन गेला. चार-पाच दिवसांत आतल्या खोलीत पुन्हा 28.

स्पीड वाढल्यासारखा का दिसला, ते समजलं की सगळा डाव उघडा पडतो. रिसेटमध्ये राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. महिनोन्‌महिने चालू असलेल्या, तापलेल्या राउटरची मेमरी त्यामुळे मोकळी होते. चॅनल ‘ऑटो’वर असेल तर चालू होताना तो त्यातल्या त्यात रिकामा चॅनल निवडतो. आणि मुख्य म्हणजे पहिली टेस्ट आतल्या खोलीत आणि दुसरी राउटरजवळ, मध्ये चिऱ्याची जाड भिंत नाही. यातली रीस्टार्टची किमया तुम्ही स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला तरी फुकटात होते.

अपडेट झालं की नाही हे ओळखायला एकच गोष्ट पुरते. राउटरच्या Status पानावर Firmware Version, म्हणजे राउटरमधल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, अशी ओळ असते. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तिचा फोटो काढा. फॅक्टरी रिसेट फक्त सेटिंग पुसतो, फर्मवेअरला हात लावत नाही. आकडे आणि बिल्ड तारीख तीच असेल तर अपडेट झालेलं नाही. शहापूरच्या घरात पैसे घेऊन गेल्यावरही ती ओळ 2017 चीच होती.

आता त्या घराचं दुखणं खरं कुठे होतं? लॅपटॉप केबलने राउटरला जोडून टेस्ट घेतली तर 93 एमबीपीएस आले. म्हणजे लाइन ठणठणीत, राउटरचा आतला भागही ठीक. अडत होतं ते हवेत. डब्यावरचा 300 हा कागदी आकडा आहे. 20 मेगाहर्ट्झ रुंदीवर दोन अँटेनांचा हा राउटर जास्तीत जास्त 144 एमबीपीएसची लिंक देतो, आणि प्रत्यक्ष डाउनलोड त्याच्या निम्म्याच्या आसपास, तेही हवा मोकळी असेल तर. शहापूर-वडगावसारख्या चिकटून घरं असलेल्या गल्लीत शेजारच्या दहा-बारा राउटरांशी त्याच तीन उपयोगी चॅनलांवर, 1, 6 आणि 11 वर, भांडावं लागतं. यावर कुठलंही फर्मवेअर उपाय नाही. बाराशे त्या माणसाला देण्याऐवजी 5 गिगाहर्ट्झ असलेल्या ड्युअल बँड राउटरमध्ये घातले असते तर कामी आले असते. अशा जुन्या राउटरांची पोर्टही बहुधा 100 एमबीपीएसची असतात. त्यामुळे 200 चा प्लॅन घेतला तरी केबलवर 94-95 च्या वर काटा जात नाही, आणि तेही अपडेटने बदलत नाही.

केबलवरही स्पीड कमी, विशेषतः रात्री नऊच्या सुमारास, तर केबल थेट ओएनटीला लावून बघा. तिथेही कमीच आले तर ऑपरेटरला फोन करा. तुमच्या राउटरचा दोष नाही. ओएनटीला मात्र पिन लावू नका, कोणाला लावूही देऊ नका. त्याचं फर्मवेअर ऑपरेटर दुरून बदलतो, आणि रिसेटने त्याची नोंदणीची सेटिंग उडाली तर नेट पूर्ण बंद पडतं.

तरीही अपडेट आणि रिसेट निरुपयोगी आहेत असं नाही. रिसेटचा फायदा होतो तो कोणीतरी कधीतरी चुकीची सेटिंग करून ठेवली असेल तेव्हा. नेहमी सापडणारी चूक म्हणजे वाय-फायच्या सुरक्षेत TKIP ही जुनी पद्धत निवडलेली असणं. त्याने लिंक 54 एमबीपीएसच्या वर जात नाही आणि हातात वीस-पंचवीसच पडतात. फोनच्या वाय-फाय तपशिलात लिंक स्पीड 54 वर अडकलेला दिसला तर हेच तपासा. दुसरी चूक म्हणजे स्पीडला मर्यादा घालणारं Bandwidth Control चालू राहणं आणि त्यात जुन्या प्लॅनचा आकडा असणं. पण या दोन्हींसाठीही रिसेट लागत नाही. पहिल्या ठिकाणी WPA2 आणि AES निवडा, दुसरं बंद करा, झालं.

अपडेटने स्पीड वाढतो तो कंपनीने त्या आवृत्तीच्या नोंदीत वाय-फाय तुटणं, राउटर अडकणं असा दोष दुरुस्त केल्याचं लिहिलं असेल आणि तुमचं दुखणं तेच असेल तर. नोंदीत फक्त सुरक्षेची दुरुस्ती असेल तर अपडेट जरूर करा, पण स्पीडची अपेक्षा ठेवू नका. याला अपवाद म्हणजे राउटरमध्येच मालवेअर शिरलेला असणं. 2016 चा मिराई मेमरीत राहायचा, रीस्टार्टने जायचा आणि पासवर्ड जुनाच असला की परत यायचा. 2018 चा व्हीपीएनफिल्टर रीस्टार्टलाही दाद देत नव्हता. अशा वेळी रिसेट, अपडेट आणि नवा पासवर्ड, तिन्ही लागतात.

अपडेट घरी करता येतं. राउटर उलटा करून मॉडेलचं नाव आणि त्यापुढचा V1, V2 असा आकडा लिहून घ्या. त्याच मॉडेलची, त्याच V ची फाइल कंपनीच्या भारतासाठीच्या पानावरूनच उतरवा. V चुकला तर राउटर कायमचा मरू शकतो. Backup घ्या आणि ऑपरेटरचं युजरनेम-पासवर्ड हाताशी ठेवा. लॅपटॉप केबलने जोडा, ब्राउझरमध्ये 192.168.0.1 किंवा 192.168.1.1 उघडा (कोणता ते स्टिकरवर असतं), झिप सोडून आतली .bin फाइल Firmware Upgrade मध्ये द्या. पाचेक मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. मध्येच हेस्कॉमची लाइट गेली तर राउटर गेलाच म्हणून समजा, त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर घेऊनच हे काम करा.

पैसे देऊन ‘अपडेट’ आधीच करून घेतलं असेल तर आजच दोन-तीन गोष्टी बघा. रिसेटनंतर राउटरचा लॉगिन पासवर्ड बहुधा admin च ठेवलेला असतो, तो बदला. वाय-फायला 12345678 असला काही पासवर्ड टाकून गेला असेल तर तोही. बाहेरून राउटरमध्ये शिरू देणारं Remote Management बंद आहे का पाहा. आणि तुमच्या कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड त्याने स्वतःच्या फोनमध्ये टिपून घेतलं असेल, तेव्हा ऑपरेटरला सांगून तो पासवर्ड बदलून घ्या. त्याने लॅपटॉपवर किंवा फोनवर दुरून चालवायचं एखादं ॲप टाकलं असेल तर ते काढा आणि खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच 1930 ला फोन करा.