'९४ टक्के डिलिव्हरी'च्या नावाखाली माझ्या २६ साड्या परत आल्या

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी अजून दोन यंत्रमाग खडखडतात. सासऱ्यांच्या काळात सगळा माल व्यापाऱ्याकडे जायचा. मी आणि धाकट्या जावेनं व्हॉट्सॲपवर फोटो टाकून साड्या थेट विकायला सुरुवात केली. आमचं गिऱ्हाईक म्हणजे खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि हद्दीपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजच्या बायका. बहुतेक जणी साडी हातात पडल्यावरच पैसे देतात. त्यामुळे आमचा धंदा सीओडीवर चालतो आणि पार्सल परत आलं की जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं आमच्याच अंगावर पडतं. कुरिअरवाले या परतीला 'आरटीओ' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गाडीच्या लायसन्सचंच काहीतरी वाटलं होतं.

गेल्या श्रावणात एक एजंट घरी आला. 'वहिनी, प्रत्येक पिनकोडला कुठलं कुरिअर किती पार्सलं पोचवतं, त्याचा डेटा आमच्याकडं हाय. तुम्ही पत्ता टाका, पार्सल आपोआप तिथल्या सगळ्यात चांगल्या कुरिअरला जाईल.' मी फसले, कारण म्हणणं खोटं नव्हतं. हायवेवरच्या निपाणीला जे कुरिअर दुसऱ्या दिवशी पोचतं, तेच पावसाळ्यात जांबोटीकडे फिरकत नाही, हे मला अनुभवानं माहीत होतं. त्यानं कागद दाखवला. खानापूर ५९१३०२ : एका कुरिअरसमोर ९४ टक्के, दुसऱ्यासमोर ७१. मी करारावर सही केली. सीओडीची रक्कम आधी त्याच्या खात्यात जमा होणार आणि भाडं कापून आठवड्यानं आम्हाला मिळणार, असं त्यात होतं. ही अट मी नीट वाचायला हवी होती.

त्या कागदावरची एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. नंदगड, लोंढा, जांबोटी यांचे पिनकोड वेगळे आहेत, पण चारही ठिकाणी आकडा तोच, ९४. म्हणजे पिनकोडवार हिशेब नव्हताच. तालुक्याचा एक आकडा सगळीकडे चिकटवला होता.

दिवाळीपर्यंत खानापूर तालुक्यात माझी ६० पार्सलं त्या '९४ टक्के'वाल्याकडून गेली. दिवाळीनंतर कपाटात परत आलेल्या साड्यांचा ढीग वाढत होता आणि मोबाइलवरच्या एजंटच्या पानावर अजूनही ९४ टक्केच दिसत होतं. एका रविवारी जावेला शेजारी बसवलं आणि पार्सलांचे नंबर एकेक करून वहीत उतरवले.

६० पैकी ३४ पोचली होती. १५ वर 'ग्राहकाने नाकारले' असा शेरा होता. ९ तीन आठवडे उलटून गेल्यावरही 'मार्गात' होती. २ वर 'कुरिअरची चूक' लिहिलं होतं. आता त्याचा हिशेब बघा. नाकारलेली १५ गिऱ्हाइकाची चूक म्हणून त्यानं मोजलीच नाहीत. मार्गातली ९ अजून संपली नाहीत म्हणून तीही सोडून दिली. उरली ३६, त्यातली ३४ पोचली. म्हणून ९४. पण मी तर ६० दिली होती! ६० पैकी ३४ म्हणजे ५७ टक्के. मार्गातली ती ९ सुद्धा शेवटी परतच आली.

मग नाकारलेल्या पंधराही जणींना फोन लावले. तेरा जणींनी उचलला. अकरा जणी म्हणाल्या, कुणी आलंच नाही आणि फोनही आला नाही. नंदगडच्या एक बाई तर माझ्यावरच चिडल्या होत्या, मीच साडी पाठवली नाही असं समजून. खरोखर नाकारणाऱ्या दोघीच निघाल्या.

शेऱ्यांच्या वेळा पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. एकाच संध्याकाळी जांबोटी, नंदगड आणि लोंढा या तिन्ही ठिकाणी 'नाकारले' अशी नोंद होती, वेळ ८:५१ ते ८:५६. खानापूरहून ही तिन्ही गावं तीन वेगळ्या दिशांना आहेत. पाच मिनिटांत तिथं फिरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आमच्या गल्लीत येणारा दुसऱ्या एका कुरिअरचा पोरगा हसला. 'अक्का, त्यांचं खानापुरात ऑफिसच नाही. बेळगावातनं आठवड्यात दोनदा गाडी जाते. राहिलेल्या पार्सलांवर रात्री बसून शेरे मारतात.' मग एजंटनं त्यांनाच का निवडलं? माझी समजूत अशी, की तिथं त्याला कमिशन जास्त मिळत असणार. माझ्याकडे पुरावा नाही.

जाब विचारला तेव्हा त्यानं आवाज न चढवता सांगितलं, 'वहिनी, इंडस्ट्रीत असंच मोजतात.' २६ पार्सलांचं जाण्याचं ७४ आणि येण्याचं ६२, मिळून ३,५३६ रुपये त्यानं कापले. शेवटच्या ११ पोचलेल्या पार्सलांचे १२,६५० रुपये 'हिशेब चालू आहे' म्हणून अडकवून ठेवले. ते अजून आलेले नाहीत.

असा कागद कुणी तुमच्यासमोर ठेवला, तर टक्क्यांकडे बघण्याआधी किती पार्सलांपैकी किती, हे विचारा. भागाकारातली खालची संख्या ताब्यात दिलेल्या सगळ्या पार्सलांची हवी. पंधरा दिवस जुनी झालेलीच पार्सलं धरा, म्हणजे वाटेतल्यांचा घोळ राहत नाही, आणि तरीही 'मार्गात' असलेलं किंवा 'नाकारले' ते न पोचलेलंच माना. आगाऊ पैसे भरलेली पार्सलं सहज पोचतात, म्हणून सीओडीचा हिशेब वेगळा मागा. गिऱ्हाइकानं नाकारलं अशी नोंद त्याच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीशिवाय धरली जाणार नाही, अशी सोय काही कुरिअरकडे असते. ती आहे का ते विचारा.

दुसरा चकवा छोट्या आकड्यांचा. चंदगड ४१६५०९ समोर त्यानं एका कुरिअरला १०० टक्के दिले होते. वही काढली तर चारपैकी चार, त्यातलीही तीन आगाऊ पैशांची! दुसऱ्याची ३० पैकी २७ पोचली होती, म्हणजे ९०. शंभर मोठे की नव्वद?

माझा दीर बँकेत असतो, त्यानं सोपी युक्ती सांगितली. आमची एकूण सरासरी साधारण ७० टक्के आहे. म्हणून प्रत्येक कुरिअरच्या खात्यात दहा काल्पनिक पार्सलं घालायची, त्यातली सात पोचलेली धरायची. मग चारवाल्याचे १४ पैकी ११, म्हणजे ७९ टक्के होतात आणि तीसवाल्याचे ४० पैकी ३४, म्हणजे ८५. पार्सलं वाढत गेली की त्या दहांचं वजन आपोआप कमी होतं.

आता वहीत रोज पिनकोड, कुरिअर, सीओडी की आगाऊ, कधी दिलं, पहिल्यांदा दारात कधी गेलं आणि शेवटी काय झालं, एवढं लिहिते. खानापूर तालुक्याची बहुतेक पार्सलं पोस्टानं जातात, कारण तिथल्या लहान गावांतही पोस्टमन पोचतो. पण सगळी एकालाच देत नाही. दहातली दोन दुसऱ्या कुरिअरला टाकते, नाहीतर ते सुधारलं की बिघडलं हे मला कळणार कसं? चंदगडचा घोळ मात्र अजून सुटलेला नाही. बेळगावहून ते जवळ, पण पिनकोड ४१६ चा, म्हणून आमचं कुरिअर पार्सल आधी कोल्हापूरला नेतं आणि मग उलटं आणतं. तिथल्या बायका बाजाराला बेळगावलाच येतात, म्हणून तिघी-चौघी आता साडी आमच्याकडूनच घेऊन जातात.