मुदतवाढीचं पत्र: नुसतं कारण लिहावं की कामाचा हिशेबही द्यावा?

इतिहासाच्या प्रकल्पासाठी मुदतवाढ मागायची दोन्ही प्रकारची पत्रं मी लिहिली आहेत. कारणं दोन्ही वेळा खरी होती.

पहिल्या वेळी जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड ग्रंथालयाने डागडुजीसाठी काढून ठेवले होते. मी चार ओळींत कारण लिहिलं आणि शेवटी "थोडे दिवस वाढवून मिळावेत" अशी विनंती केली. पत्र दहा मिनिटांत झालं. पण बाईंचं उत्तर आलं तेच प्रश्न घेऊन: थोडे म्हणजे किती? आतापर्यंत काय झालंय? मधे सुट्टी आल्याने हे विचारण्या-सांगण्यातच तीन दिवस गेले. खंडांची वाट पाहायची, की विषय आवरता घेऊन हाताशी असलेल्या साधनांवर लिहायचं, हेच त्या दिवसांत ठरवता येईना. मला सगळ्यात जास्त जाचलं ते हे.

पुढचा प्रकल्प घरात रेडिओ कसा आला यावर, मुलाखतींवर आधारलेला होता. दोघांशी बोलणं झालं होतं, पण रेडिओ कधी आला यावर त्यांचं सांगणं जुळत नव्हतं. तिसऱ्या आजींच्या आठवणीवर बरंच अवलंबून होतं आणि नेमक्या त्याच रुग्णालयात होत्या. या वेळी असं लिहिलं:

"सर, मुदत 14 तारखेला संपते. तीनपैकी दोन मुलाखती झाल्या आहेत, पण त्यांच्या सांगण्यात तफावत आहे. ती तपासण्यासाठी तिसरी मुलाखत हवी आहे. त्या आजी रुग्णालयात असून 16 ला घरी येतील, असं घरच्यांनी कळवलं आहे. 18 ला मुलाखत घेऊन ती लिहून काढायला दोन दिवस लागतील. म्हणून 22 पर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. त्यांना बोलणं जमलं नाही, तर तफावत तशीच नोंदवून 22 लाच प्रकल्प देईन. पहिली दोन प्रकरणं सोबत जोडली आहेत."

दोन दिवस मी उगाच धरले नव्हते. तासाभराचं ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवायला चार-सहा तास सहज जातात आणि नंतर ते मूळ मुद्रणाशी पडताळावंही लागतं. आजींच्या आजाराचं नाव मात्र मुद्दाम लिहिलं नाही. ते सांगायचा अधिकार त्यांचा.

या पत्राला मेहनत लागते हे खरं. अर्धवट प्रकरणं दाखवताना संकोचही वाटतो. घरात दुःखद प्रसंग घडला असेल तर मी अजूनही चार ओळींचंच पत्र लिहीन, तेव्हा हिशेब कोण मांडणार? पण अडचण साधनांची असेल, तर मला दुसरं पत्र जवळचं वाटतं. सरांनी त्याच संध्याकाळी होकार कळवला. प्रत्येकाचे शिक्षक वेगळे, हे मान्य. तरी निदान "जमलं नाही तर" हे वाक्य पत्रात ठेवून पाहा. ते लिहितानाच मला कळलं होतं की आजी बोलू शकल्या नाहीत तरी प्रकल्प अडणार नाही.