सांगलीची हळद रॉटरडॅमला: भाव एफओबी द्यायचा की सीआयएफ?

परदेशी खरेदीदाराचा मेल येतो, "भाव कळवा." आपण किलोचा दर टाकून मोकळे होतो. पण त्या दराखाली एफओबी न्हावा शेवा लिहिलं की सीआयएफ रॉटरडॅम, यावर जहाजाचं भाडं आणि विमा कोणाच्या खिशातून जाणार ते ठरतं. एफओबीपुढे माल चढतो त्या बंदराचं नाव येतं आणि सीआयएफपुढे माल उतरतो त्या बंदराचं. "सीआयएफ न्हावा शेवा" असं कोटेशन मी पाहिलंय. त्यावरून भाडं कुठपर्यंतचं धरलंय ते कोणालाच सांगता येत नाही.

वीस फुटी कंटेनरमध्ये 14 टन हळकुंडं भरली, असं धरू. भाडं दीड हजार डॉलर आणि विम्याचा दर 0.2 टक्के. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, जहाजात जागा ठरवून देणाऱ्या आपल्या फॉरवर्डरकडून ताजे घ्या.

एफओबीत सांगलीहून ट्रक, कस्टम क्लिअरन्स, न्हावा शेव्यातले टर्मिनलचे हँडलिंग चार्जेस आणि माल जहाजावर चढेपर्यंतचं सगळं आपलं. पुढचं भाडं आणि विमा खरेदीदार बघतो. इन्व्हॉइसवर मालाची एकच ओळ, कस्टमला द्यायच्या शिपिंग बिलात भाडं आणि विम्याचे रकाने शून्य, आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीवर, शिक्का 'फ्रेट कलेक्ट', म्हणजे भाडं खरेदीदाराकडून घ्यायचं. टर्मिनलचा खर्च दरात धरायला विसरलात, तर तो मागून मागता येत नाही.

सीआयएफमध्ये रॉटरडॅमपर्यंतचं भाडं आणि विमा आपण भरतो. समजा दर दिला किलोला 1.90 डॉलर, म्हणजे एकूण 26,600. विमा सीआयएफ किमतीच्या किमान 110 टक्क्यांचा, म्हणजे 29,260 चा काढायचा. त्यावर हप्ता 58.52. भाडं आणि हप्ता वजा केला की एफओबी किंमत उरते 25,041.48. इन्व्हॉइसमध्ये एकूण रकमेखाली या तीन ओळी वेगळ्या दाखवा. कारण ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर मिळणारा शुल्काचा परतावा, एफओबी किमतीवर मोजतात. नुसता 26,600 चा आकडा दिला आणि तोच शिपिंग बिलात एफओबी म्हणून चढला, तर परतावा जास्त मागितल्यासारखं होतं आणि कस्टमची क्वेरी येते. इथे बिल ऑफ लेडिंगवर 'फ्रेट प्रीपेड' हवं. इन्व्हॉइस सीआयएफ आणि लेडिंगवर 'कलेक्ट' असलं, तर एलसीवरची, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं पैशांची हमी दिलेल्या पत्रावरची कागदपत्रं बँक हमखास परत पाठवते. विम्याची तारीखही माल चढल्यानंतरची चालत नाही.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो ती गोष्ट. सीआयएफमध्ये आपण रॉटरडॅमपर्यंत पैसे भरतो, पण जोखीम एफओबीसारखीच न्हावा शेव्यात माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. वाटेत नुकसान झालं, तर दावा तोच करतो, आपण काढलेल्या पॉलिसीवर. आणि सीआयएफला नियमानं पुरेसा असलेला विमा 'क्लॉज सी' म्हणजे अगदी किमान असतो. आग लागणं, जहाज बुडणं, टक्कर होणं अशा मोठ्या दुर्घटनाच त्यात येतात. चोरी येत नाही. हळदीचं खरं दुखणं म्हणजे कंटेनरच्या छताला घाम सुटून वरच्या पोत्यांना येणारी बुरशी, तीही येत नाही. हप्त्यात फार फरक पडत नसेल, तर जवळजवळ सगळ्या जोखमी धरणारा 'क्लॉज ए' घ्या आणि तसं कोटेशनमध्ये लिहा, असं माझं ठाम मत आहे.

मग निवड कशी करायची? भाडं अस्थिर असेल तर एफओबी. डिसेंबर 2023 मध्ये लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि भाडी भडकली. वरच्या उदाहरणात भाडं दुप्पट झालं, तर सीआयएफ देणाऱ्याच्या हातात 23,541.48 उरतात. दीड हजार थेट नफ्यातून जातात.

पण खरेदीदार नवा असेल तर मी सीआयएफकडे झुकतो. एफओबीत जहाज आणि फॉरवर्डर तो ठरवतो. त्याच्या ओळखीच्या फॉरवर्डरनं मूळ कागद न घेताच माल सोडला, तर आपण पैशांसाठी फिरत बसतो. शिवाय त्यानं माल नाकारला तर विमाही त्याच्याच नावावर असतो. तरीही एफओबीच द्यावं लागलं, तर विक्रेत्याच्या हितापुरती वेगळी पॉलिसी काढता येते, आणि सांगली ते जहाज हा टप्पा आपल्या विम्यात घ्यायलाच हवा.

कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए आणि सीआयपी जास्त योग्य. दोन्हींत माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम खरेदीदाराकडे जाते; एफसीएत पुढचं भाडं तो भरतो, सीआयपीत भाडं आणि विमा आपण. कंटेनर यार्डात जमा होतो, जहाजावर चढायला काही दिवस जातात, आणि एफओबी किंवा सीआयएफमध्ये त्या दिवसांची जोखीम आपल्यावर राहते. सीआयपीत विमाही 'क्लॉज ए' चाच लागतो. खरेदीदार जुन्याच अटींवर अडून बसला, तर कोटेशनवर "इन्कोटर्म्स 2020", म्हणजे या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांची आवृत्ती, लिहा, दोन्ही भाव शेजारी शेजारी द्या, आणि सीआयएफच्या भावाखाली भाड्याचा दर कोणत्या तारखेपर्यंत धरलाय ते टाका.