हातमोजे घालून मोबाईल: पडद्याची संवेदनशीलता वाढवावी, टच हातमोजे घ्यावेत की दाबावर चालणारा पडदा निवडावा?

हिवाळ्यात पहाटे दुचाकीवर लांबचा पल्ला गाठणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. हँडलवर लावलेल्या मोबाईलवर नकाशा चालू असतो, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो थोडा सरकवायचा असतो आणि कातडी हातमोज्यातल्या बोटाची पडदा दखलच घेत नाही. यावर तीन उपाय उपलब्ध आहेत: मोबाईलमधली संवेदनशीलता वाढवणे, बोटांच्या टोकांना वीजवाहक धागा असलेले हातमोजे घेणे, किंवा दाबावर चालणारा पडदा असलेले उपकरण वापरणे. यांपैकी काय निवडावे, हे पडद्याला बोट कसे कळते यावर अवलंबून आहे.

आजच्या मोबाईलच्या काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. आडव्या पट्ट्यांवर आळीपाळीने विजेचे अगदी लहान ठोके सोडले जातात आणि उभ्या पट्ट्यांवर त्यांचा किती अंश पोहोचला हे मोजले जाते. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे एक छोटे विद्युतधारित्र तयार होते आणि त्याची धारिता, म्हणजे विद्युतप्रभार साठवण्याची क्षमता, साधारण एका पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे एका फॅरडच्या एक लाख कोटीव्या भागाएवढी असते. आपले शरीर खारट पाण्याने भरलेले मोठे वाहक आहे. बोट काचेजवळ आले की त्या दोन पट्ट्यांमधल्या विद्युतक्षेत्राचा काही भाग ते स्वतःकडे ओढून घेते आणि त्या ठिकाणची धारिता किंचित कमी होते. हे मोजमाप सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा संपूर्ण जाळीवर फिरते, आणि ही घट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरच तिला स्पर्श मानले जाते. दाबाचा यात काहीही संबंध नाही.

हातमोज्यातून वीज वाहत नाही म्हणून स्पर्श कळत नाही, हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. काचेतूनही वीज वाहत नाही आणि तरी काचेवरून स्पर्श कळतो. खरा प्रश्न अंतराचा आहे आणि त्या अंतरात काय भरले आहे याचा आहे. विद्युतक्षेत्र एखाद्या पदार्थातून हवेच्या तुलनेत किती सहज पार जाते याचे माप म्हणजे परावैद्युतांक; काचेचा तो सुमारे सात असतो, त्यामुळे ०.७ मिलिमीटर जाडीची काच विद्युतक्षेत्राच्या दृष्टीने केवळ ०.१ मिलिमीटर हवेएवढी भरते. आता त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा, आत अस्तर असलेला कातडी हातमोजा आला असे समजू. कातडे, कापड आणि त्यात अडकलेली हवा मिळून परावैद्युतांक दोन धरला, तर त्या थराचे हवेतले मोल ०.७५ मिलिमीटर होते. एकूण अंतर ०.१ वरून ०.८५ वर जाते आणि बोटाची खूण साडेआठ पटींनी क्षीण होते. प्रत्यक्षात विद्युतक्षेत्राच्या रेषा वक्र असतात, त्यामुळे हा आकडा केवळ अंदाजाचा आहे, पण कारण नेमके हेच आहे. त्यात आणखी एक भर पडते. उघडे बोट काचेवर चपटे होऊन पसरते, तर जाड हातमोज्यातले बोट गोलच राहते आणि जवळ येणारे क्षेत्रफळ घटते. जोरात दाबल्यावर कधी कधी काम होते ते अस्तर दबून हे अंतर कमी झाल्यामुळे. शस्त्रक्रियेच्या वेळी घालतात तसा बोटाला घट्ट बसणारा, दशांश मिलिमीटर जाडीचा रबरी हातमोजा बहुधा चालतो, तोही याच हिशोबाने.

पहिला उपाय मोबाईलमध्येच असू शकतो. काही फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये `Touch sensitivity` असा पर्याय असतो. तो चालू केल्यावर स्पर्श मानण्याची मर्यादा खाली आणली जाते. याला खर्च शून्य आहे, म्हणून आधी हाच करून पाहावा. मात्र मर्यादा खाली आली की खऱ्या बोटाची क्षीण खूण आणि विजेचा गोंगाट यांतला फरकही कमी होतो. हलक्या प्रतीचा चार्जर जोडलेला असेल किंवा पडद्यावर पावसाचे थेंब असतील, तर न केलेले स्पर्श उमटू लागतात, आणि उघडे बोट काचेला टेकण्याआधीच स्पर्श धरला जाण्याची शक्यता असते. नक्की काय घडते आहे हे पाहायचे असेल तर अँड्रॉइडमधील `Developer options` मध्ये `Pointer location` चालू करावे. पडद्यावर प्रत्येक स्पर्शाची रेघ उमटते. रेघ मध्येच तुटत असेल तर खूण मर्यादेच्या काठावर आहे, आणि हात न लावता रेघा उमटत असतील तर मर्यादा फार खाली गेली आहे. पातळ विणलेल्या हातमोज्यांसाठी हा उपाय पुरतो, अस्तर असलेल्या जाड कातड्यासाठी तो क्वचितच पुरतो.

दुसरा उपाय अंतरालाच वळसा घालतो. टच हातमोज्यांच्या टोकांना चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा किंवा धातूचा धागा विणलेला असतो आणि तो बोटाची वीजवाहकता थेट काचेपर्यंत आणतो. येथे खरेदीत फसगत होते. बाहेरून राखाडी ठिपका दिसतो, पण तो आत बोटाच्या त्वचेपर्यंत पोहोचलेला नसतो. असा अधांतरी लहान तुकडा शरीराशी जेमतेम जोडलेला राहतो आणि बहुधा अयशस्वी ठरतो. याची घरगुती परीक्षा सोपी आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा जाड हातमोज्याच्या टोकावर चिकटवून पडद्याला लावून पाहावा, मग तीच फॉइल लांब पट्टीच्या रूपात उघड्या मनगटापर्यंत आणून पाहावी. पहिल्या वेळी पडदा गप्प राहतो किंवा अडखळतो, दुसऱ्या वेळी लगेच प्रतिसाद देतो. दुकानात हातमोजा उलटा करून आत धागा दिसतो का ते पाहावे. घरी मल्टिमीटर असेल तर टोकाच्या बाहेर आणि आत टोचण्या लावाव्यात. काही हजार ओहमचा आकडा आला तरी चालतो, कारण येथे वाहणारा प्रवाह अत्यंत लहान असतो. आकडाच आला नाही तर तो हातमोजा घेऊ नये. टोक फार निमुळते असेल तरीही अडचण होते, कारण पडद्याला बोटाएवढे पसरट क्षेत्र हवे असते. चांदीचा मुलामा घासून आणि वारंवार धुऊन झिजतो, म्हणून एका हिवाळ्यात उत्तम चाललेला हातमोजा पुढच्या हिवाळ्यात कुचकामी ठरू शकतो.

तिसरा उपाय, म्हणजे दाबावर चालणारा पडदा, आता मोबाईलमध्ये मिळत नाही. तो कारखान्यांतल्या यंत्रांवर आणि शीतगृहांतल्या जुन्या हातयंत्रांवर आढळतो. त्यात वाहक मुलामा दिलेले दोन थर बारीक ठिपक्यांनी वेगळे ठेवलेले असतात. दाबले की ते टेकतात आणि टेकल्या जागेचा विद्युतदाब मोजून स्थान कळते. त्याला हातमोजा, पेनाचे टोक, लाकडी काडी सारे सारखेच. मात्र वरचा लवचीक थर ओरखडतो, चित्र काहीसे मंद दिसते आणि नेहमीच्या रचनेत दोन बोटांनी नकाशा मोठा करता येत नाही. उणे अठरा अंशांच्या खोलीत जाड हातमोजे घालून दिवसभर खोकी मोजणाऱ्यांसाठी मी हाच पडदा निवडेन, दुचाकीस्वारासाठी नाही.

दुचाकीसाठी माझा कल दुसऱ्या उपायाकडे आहे, पण एका अटीवर: वाहक धागा अंगठा आणि तर्जनी या दोन्हींच्या आतपर्यंत आला पाहिजे, आणि गाठींवरचे संरक्षण त्यासाठी कमी झालेले नसावे. संरक्षणाचे चांगले हातमोजे आधीच असतील तर ते टाकून देऊ नयेत. तयार वाहक धागा आणून अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकावर आतबाहेर दहा-बारा घट्ट टाके घालावेत, आतल्या बाजूला धाग्याचा मोकळा झुबका ठेवावा म्हणजे तो बोटाला टेकेल, आणि बाहेरचे टाके निदान शेंगदाण्याएवढ्या जागेत पसरवावेत. पावसाळी हातमोज्यांना मात्र हे टाके घालू नयेत, कारण सुईच्या भोकांतून पाणी आत येते.